तिसरं नाव तिनं विचारलं नाही

उन्हातून चालत आलेल्या ओळखीच्या माणसापुढं तुम्ही पाण्याचा तांब्या धरला आणि त्यानं तो घेतला नाही, तर तुम्ही काय समजाल?

हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, नाना. तुम्हाला नाही. तुम्ही आयुष्यभर असे तांबे न घेता परत फिरलात. आमच्या भागात मरणाचा सांगावा घेऊन गेलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, आत येत नाही, टेकत नाही. चकलांब्याच्या अलीकडच्या आमच्या गावाचे तुम्ही कोतवाल. तलाठ्याचे कागद पोचवायचे, दवंडी द्यायची आणि कुणी गेलं की निरोप घेऊन निघायचं. फोन आले, तरी मेंढरांमागं माळावर गेलेल्या माणसाला रेंज नसते. त्यामुळं तुमचं ते शेवटचं काम सुटलं नाही.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमची जन्मतारीख मला माहीत नाही, तुम्हालाही नव्हती. ‘रझाकारानंतरचा हाय मी, एवढं लिव,’ असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. म्हणून ते सगळं सोडून देते आणि आपलं जे अर्धवट राहिलं त्याबद्दल लिहिते. एका बाईला तिच्या पोराच्या मरणाची बातमी कळते, तेवढा एक प्रसंग. दोन वर्षं मी तो लिहीत होते आणि दोन वर्षं तुम्ही तो मोडत होतात.

माझं घर पत्रकांचं. वडील चळवळीतले, घरात पत्रकं चिकटवायच्या खळीचा वास कायम. मी अक्षरं शिकले तीच मुळी जाड ठशातली, मागं उद्गारचिन्ह असलेली. बारा वर्षांची असताना शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यानंतर एक चिन्ह टाकलं. तुम्ही ते पारावर ऐकलंत आणि म्हणालात, ‘पोरीनं बाभळीचे काटे पेरलेत सगळीकडं.’ तेव्हापासून तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाही. ‘काय पत्रकबाई, आज कोनाचा निषेध?’

कौसाबाईची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत. हे तिचं खरं नाव नाही. मेंढरं राखणारी बाई. एकच पोरगा, भरत. पोलिसात भरती व्हायचं म्हणून तो पहाटे हायवेच्या कडेनं पळायचा, कारण आमच्याकडं पोरांना पळायला मैदान नाही. एका पहाटे एक गाडी त्याला उडवून निघून गेली. ती कुणाची होती ते कधीच कळलं नाही. कौसाबाई तेव्हा दोन कोस लांब माळावर पाल टाकून होती. सांगायला तुम्ही गेलात.

‘मग? काय केलं तिनं?’ मी विचारलं.

‘काय करनार? मेंढरं पाण्यावर नेली. मंग आली माज्यासंगं.’

एवढंच. तुम्ही सुपारी कातरत राहिलात. माझ्या डोक्यात मात्र ठिणगी पडली होती. बीडला बसस्टँडमागं माझी भाड्याची खोली आहे. तिथं मी एका बैठकीत सात पानं लिहिली आणि रविवारी गेवराईच्या गाडीनं तुमच्यापुढं येऊन बसले. मी वाचत होते आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. तुमची सून सुनीता ज्वारी निवडत होती.

माझी कौसाबाई बातमी ऐकताच छाती पिटून घ्यायची. तिच्या हंबरड्यानं माळ हादरायचा, पाखरं उडायची. मग ती हायवेकडं हात करून चार ओळींचं भाषण करायची. ‘हा अपघात नाही, हा खून आहे!’

तुम्ही हात वर केलात. पुढं दोन वर्षं मला तोच हात दिसत राहिला. पंजा उघडा, जणू समोरून येणारी गाडी थांबवताय.

‘ही कोन बाई हाय?’

‘कौसाबाई.’

‘न्हाई. ही तू हाईस. तिला लुगडं नेसवलंस फक्त.’

सुनीता तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला. मी म्हणाले, ‘नाना, ती रडली नसेल असं सांगू नका मला.’

‘रडली की. गावात आली, पोराला बघितलं, तवा रडली. सगळ्या बाया व्हत्या, सगळ्यांनी बघितलं. त्या रडन्यात खोट काय बी न्हाई. पन माळावर मी एकटाच व्हतो. माळावर काय झालं ते फक्त मला म्हाईत हाय. मंग सगळ्या गावानं बघितलेलं तू कावून लिवतीस?’

तेव्हा मला कळलं नाही, आता कळतंय. आपलं माणूस गेल्यावर चारचौघांत रडायची एक रीत असते. आवाज असतो, शब्द ठरलेले असतात, साथ असते. ती रीत माणसाला सावरते. तिच्या अलीकडं एक जागा असते, जिथं बातमी कानावर आलेली असते पण अंगात उतरलेली नसते. तिथं कसलीही रीत नसते. गोष्टीला त्या जागेत उभं राहायचं असतं. मी थेट पलीकडं उडी मारली होती, कारण पलीकडं काय करतात ते मला पाठ होतं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. सगळं रडणं काढून टाकलं. कौसाबाईनं ऐकलं आणि ती तशीच उभी राहिली. डोळे कोरडे, चेहरा कोरा, पापणीही लवली नाही. मला वाटलं, आता जमलं. संयम म्हणतात तो हाच.

तुम्ही शेवटपर्यंत हात वर केला नाहीत. मग म्हणालात, ‘हिच्यावर किलोमीटर लिवायचा राहिलाय.’

‘काय?’

‘मैलाचा दगड केलास की गं बाईचा! गेवराई बारा, बीड पन्नास, असं लिव तिच्या अंगावर.’

सुनीता या वेळी उघड हसली. मी वही मिटली. त्या दिवशी मी चहा न घेता निघाले, आठवतं? तुम्ही मागून ओरडलात, ‘आगं, मी काय सांगावा आनलाय का? च्या तर घेऊन जा!’

परतीच्या गाडीत मी तुमच्यावर धुमसत होते. पण तुमचं खरं होतं. दगडासारखी उभी राहिलेली बाई हासुद्धा तमाशाच असतो, फक्त मुका. ‘बघा, ही किती सोसते’ असं लिहिणारा तिथंही ओरडतच असतो. संयम म्हणजे काही न होणं असं मी समजले होते. खरं तर पुष्कळ काही होत असतं, पण ते जिथं आपण बघतो तिथं होत नाही. डोळ्यांत होत नाही, भलतीकडंच कुठंतरी होतं.

तिसऱ्या खेपेला मी ते ‘भलतीकडं’ शोधायला निघाले आणि माळावर होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं. वाळलेली बोर, तुटलेली चप्पल, आकाशात एकटीच फिरणारी घार.

‘घार मी न्हाई बघितली,’ तुम्ही म्हणालात.

‘नाना, घार म्हणजे प्रतीक आहे.’

‘मंग प्रतीकाला म्हनावं, दुसऱ्या माळावर जाऊन फिर. हितं लई गर्दी झालीय.’

त्या दिवशी मात्र तुम्ही उठलात. सुनीताला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलंत, तो माझ्या हातात दिलात आणि मला अंगणात उभं केलंत. स्वतः फाटकाबाहेर गेलात आणि तिथून चालत आलात. कसं चालायचं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

‘पळायचं न्हाई. पळत आलेला मानूस दिसला की बाईमानूस तिथंच पडतं. रमत बी यायचं न्हाई. लांबून हाक मारायची न्हाई, का तर हाकेतच कळतं. चार पावलं अलीकडं थांबायचं. जवळ गेलं तर ती अंगावर पडनार, लई लांब थांबलं तर तिला वाटनार हा भ्यालाय.’ तुम्ही चार पावलं अलीकडं थांबलात. ‘आता दे पानी.’

मी तांब्या पुढं धरला. तुम्ही हात हलवला नाहीत.

नाना, मला सगळं माहीत होतं. अंगण तुमचं, दुपार साधी, मागं सुनीता उभी. तरी माझ्या मनात वडील आले, मग बहीण.

‘झालं ना काहीतरी?’ तुम्ही विचारलंत. ‘मी बोललो का काय?’

‘नाही.’

‘तिला बी असंच झालं. पानी घेतलं न्हाई तवाच तिला कळलं, का कोन तरी गेलं. कोन, ते कळलं न्हाई. सासू आजारी व्हती. तिनं इचारलं, आत्याबाई? मी मान हलवली. मंग इचारलं, दादा? भाऊ तिचा टरकावर व्हता. मी मान हलवली.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मंग तिनं इचारलं न्हाई.’

दोन वर्षांत हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगत होतात. मी ओरडलेच, ‘हे आधी का नाही सांगितलं?’

‘तू आधी इचारलंस का? तू मला लिवलेलं ऐकवत व्हतीस.’

मग बाकीचं आलं. कौसाबाई म्हणाली, मेंढरं पाण्यावर न्यायचीत. तुम्ही म्हणालात, मी नेतो. ती म्हणाली, तुमचं ऐकायची नाहीत. तिनं हाक दिली. आणि तुम्ही आवाज एकदम खाली आणून सांगितलंत, की त्या पहिल्या हाकेला एकही मेंढी उठली नाही. रोजचाच आवाज, रोजचीच हाक, पण मेंढरांनी तो आवाज ओळखला नाही. तिनं परत हाक दिली तेव्हा उठली.

मी जे दोन वर्षं तिच्या डोळ्यांत शोधत होते ते मेंढरांना ऐकू आलं होतं. नंतर मी एक एक पायरी तपासली. वाचणाऱ्याला तांब्यापाशीच कळतं, म्हणून तिथून पुढं त्याला काही सांगावं लागत नाही. तो फक्त तिच्याकडं बघत राहतो. ती नावं घेते ती जाण्याच्या क्रमानं, जे आधी जायला हवेत ते आधी. तिसऱ्या नावापाशी ती मेंढरांकडं वळते, कारण जे विचारलं नाही त्याला उत्तर येत नाही, आणि तेवढा वेळ पोरगा आहे. हे माझं समजणं. गोष्टीत यातलं एक अक्षरही लिहायचं नव्हतं. लिहिलं की वाचणाऱ्याच्या हातचं काम मी हिसकावून घेतलं.

तरी मी एक वाक्य घातलंच. शेवटी लिहिलं, ‘मेंढरं पाणी पीत होती आणि तिचा मात्र ओढा कायमचा आटला होता.’ हात वर झाला.

‘हे चांगलंय, नाना!’

‘चांगलंय. म्हनूनच काढ. पत्रकात टाक पाहिजे तर.’

इथं आपलं खरं भांडण. ते मिटलेलं नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते एकटीनं मिटवणारही नाही. मी म्हणाले होते, ‘गप्प राहून सोसणारी बाई सगळ्यांना आवडते. वाचून लोक हळहळतात आणि जेवायला बसतात. ज्याची गाडी होती तो सुटतो, ज्यांनी पोरांना मैदान दिलं नाही ते सुटतात. ओरडलं तर निदान कुणाचा तरी घास अडकेल. तुमचा संयम कुणाच्या सोयीचा आहे?’

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, ‘मंग काढ की पत्रक. कोन न्हाई म्हनतंय? मी दवंडी देत फिरलो का न्हाई जलमभर? पन ज्या आवाजात दवंडी देतो त्या आवाजात सांगावा देत न्हाईत. दोन्ही कामं मीच केली. आवाज येगळा लावावा लागतो, एवढंच.’

मी पत्रक काढलं, पोरांना मैदान द्या म्हणून. भरपूर उद्गारचिन्हं. आणि गुडघे धरून चालणारे तुम्ही, हलगी गळ्यात अडकवून, बाजाराच्या दिवशी ते पत्रक चौकाचौकात ओरडून सांगितलंत. कुणीतरी म्हणालं, ‘नाना, रिटायर झालात ना आता?’ तुम्ही म्हणालात, ‘नोकरीतनं झालो बे, तोंडातनं न्हाई!’ मैदान अजून झालेलं नाही. पोरं अजून हायवेलाच पळतात. म्हणून सांगते, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अजून तुमच्याकडं बाकी आहे. तुम्ही म्हणाला असतात, अर्धं तुझ्याकडं बी बाकी हाय.

शेवटचा खर्डा घेऊन मी रविवारी येणार होते. शुक्रवारी बीडला क्लासमध्ये मी पोरांना मराठी शिकवत होते. तास सुटल्यावर फोन पाहिला. गावाच्या ग्रुपवर तुमचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली हात जोडलेल्या खुणा. चार पावलं अलीकडं कुणी थांबलं नाही. तांब्या धरायला जागाच नव्हती.

आणि मी काय केलं? सगळं शिकून झालेल्या मी काय केलं? जिन्यात बसले आणि फोनवर लिहायला लागले. ‘नाना! आज एक युग संपलं! आमचा दीपस्तंभ विझला! माळ पोरका झाला!’ लांबलचक लिहिलं आणि टाकलं. शंभरेक लोकांनी अंगठे दाखवले. तुम्हाला दीपस्तंभ म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. मराठवाड्यात समुद्र कुठला?

संध्याकाळी तुमच्या घरी पोचले. सुनीतानं मला बघितलं, जवळ घेतलं, आम्ही दोघी रडलो. ते रडणं खरं होतं. मग बऱ्याच वेळानं ती पदरानं नाक पुसत म्हणाली, ‘ताई, तुमी लिवलेलं वाचलं मोबाइलवर. लई लोकांनी वाचलं. पन त्यात आमचे नाना कुठं दिसले न्हाईत. तुमीच दिसल्या.’

मी तिथंच फोन काढला आणि ते पुसून टाकलं. तुमचा हात घरात शिल्लक आहे, नाना. सुनीताकडं आहे.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कौसाबाईकडं गेले. इतके दिवस गेले नव्हते, कारण तुम्ही होतात. तुम्ही पाहिलेलं होतं, तुम्ही हो म्हणालात की पुरे, असं मी धरून चालले होते. आता हो म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ज्या बाईचं आहे तिला न विचारता छापायला मला धीर होईना. आणि खरं सांगते, तिनं नको म्हटलं तर गोष्ट फाडायची हे ठरवून गेले होते.

ती सध्या कपिलधारच्या बाजूला मेंढरं घेऊन उतरली आहे. पालाबाहेर बसून लोकर पिंजत होती. तुमचं नाव सांगितलं तेव्हा हात थांबले. ‘नाना गेले ते कळलं मला. भला मानूस. वाच काय ते.’

मी वाचलं. दवंडीच्या आवाजात नाही. तिनं मान वर केली नाही. संपलं तरी ती लोकर पिंजतच होती. मग ती म्हणाली, ‘तांब्या मी खाली ठिवला असं लिवलंस.’

‘नानांनी तसं सांगितलं होतं.’

‘न्हाई ठिवला. हातातच व्हता माज्या. वड्यापातूर भरलेला तांब्या घेऊन गेलते मी. मेंढरं पानी प्यायला लागली तवा कळलं, हातात तांब्या हाय म्हनून.’

‘मग नानांनी...’

‘त्यांनी कशाला बघितलं असंल? मान खाली घालून हुबे व्हते. पार मेंढरं हलस्तोवर मान वर न्हाई केली त्यांनी. रडत व्हते का काय, कोनाला ठावं.’

नाना, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. दोन वर्षं तुम्ही मला म्हणालात, जे बघितलं तेवढंच लिव. आणि ऐन जागेला तुमचे डोळे जमिनीकडं होते. तांब्या खाली ठेवला असेल हे तुम्ही नंतर मनानं धरलंत, आपण सगळे धरतो तसं. तुमच्यावर हसावं असं मला वाटलं. मी हसलेही थोडं. मग डोंगराकडं बघत बसले. इतक्या घरांपुढं तुम्ही उभे राहिलात, ते कसे उभे राहिलात हे मला त्या बाईकडून कळलं. आणि तुम्हाला ते कधी विचारावं हे मला सुचलंच नाही. मी तुम्हाला लिहिलेलं ऐकवत होते.

‘छापू का?’ मी कौसाबाईला विचारलं.

‘माजं नाव नको. त्याचं नाव मी घेतलं न्हाई, तू बी घेतलं न्हाईस, ते बराबर हाय. पन वर कुठंतरी लिवून ठिव. कोनी इचारलं, तर नाव पायजे ना त्याला.’

म्हणून हा प्रसंग आता असा आहे. याच्या वर लिहिलं आहे, भरतसाठी.

*कोतवाल पालापासून चार पावलं अलीकडं थांबला. कौसानं कॅनमधून तांब्या भरला आणि पुढं धरला. त्यानं हात पुढं केला नाही.*

*तिनं तांब्या तसाच धरून ठेवला.*

*‘आत्याबाई?’ ती म्हणाली.*

*त्यानं मान हलवली. नाही.*

*‘दादा?’*

*नाही.*

*मेंढरं बोरीच्या सावलीला टेकली होती. त्यांतलं एक उठलं, अंग झाडून परत बसलं.*

*‘पाण्यावर न्यायचीत,’ कौसा म्हणाली.*

*‘मी नेतो की.’*

*‘तुमचं ऐकायची न्हाईत.’*

*तिनं हाक दिली. एकही मेंढी उठली नाही. तिनं घसा साफ केला आणि परत हाक दिली. तेव्हा पुढची उठली, मग बाकीची. ती त्यांच्या मागून ओढ्याकडं चालू लागली. उजव्या हातात काठी होती. डाव्या हातात भरलेला तांब्या होता.*

एवढंच उरलं, नाना. सात पानांचं एवढं. अजून यात कुठंतरी मी असेन. तुम्ही असतात तर वाचता वाचता मला अडवलं असतं. ते मला एकटीला जमत नाही. आपलं आवडतं वाक्य माणसाला परकं वाटत नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. वरचा प्रसंग घरात कुणाला तरी वाचून दाखवा, आवाज न चढवता. जिथं तुम्हाला कौसाबाईऐवजी मी ऐकू येईन, तिथं पेनानं आडवी रेघ मारा आणि ते पान या अंकाच्या पत्त्यावर मला पाठवा.